चातुर्मासात भरता येईल तोच हप्ता: कमाई अनियमित असेल तर कर्जाची मुदत कशी ठरवावी

माझा मावसभाऊ लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. गेल्या वैशाखात, ऐन सीझनमध्ये, तो दोन कागद घेऊन माझ्याकडे आला. घरासाठी वीस लाखांचं कर्ज मंजूर होत होतं आणि मुदत किती घ्यायची ते त्याला दोन दिवसांत सांगायचं होतं. एका कागदावर दहा वर्षं, दुसऱ्यावर वीस. काका म्हणत होते, कर्ज म्हणजे डोक्यावरचा दगड, दहा वर्षांत उतरव. बँकेतला माणूस म्हणत होता, हप्ता कमी ठेवा, निवांत राहा.

"दादा, माझी महिन्याची सरासरी साठ हजार आहे. दहा वर्षांचा हप्ता पंचवीस हजार. बसतोय की," असं त्याचं म्हणणं.

मी छोट्या धंदेवाल्यांची हिशेबाची आणि रिटर्नची कामं करतो. त्या "बसतोय की"मध्ये किती जण अडकलेले पाहिलेत ते मलाच माहीत. म्हणून त्या रात्री आम्ही जो हिशेब केला, तोच इथे पायरीपायरीने मांडतो. आकडे त्याचे आहेत, पण रीत मंडपवाल्याला, द्राक्षबागायतदाराला, रिक्षावाल्याला, कमिशनवर काम करणाऱ्याला, कोणालाही लागू पडते.

आधी सरासरी बाजूला ठेवा

बँक सरासरीच बघते. धंदेवाल्याला कर्ज देताना ती मागच्या दोन-तीन वर्षांची रिटर्न्स घेते आणि त्यातल्या नफ्यावरून हप्ता किती पेलेल ते काढते. पण बँकेची पात्रता म्हणजे तुमची ऐपत नव्हे. हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून जातो, आणि त्या तारखेला सरासरी खात्यात नसते. असते ती प्रत्यक्ष शिल्लक.

म्हणून पहिलं काम म्हणजे तीन वर्षांची बँक स्टेटमेंट घेऊन बसायचं. प्रत्येक महिन्यात धंद्याचा खर्च वजा जाता हातात काय राहिलं ते वहीत ओळीने लिहायचं. भावाच्या बाबतीत मदतनीसांचे पैसे, अल्बमची छपाई, गाडीचं पेट्रोल हे सगळं आधी वजा केलं. मग वहीतून तीन गोष्टी शोधायच्या: वर्षाचा सर्वांत लांब कोरडा पट्टा कोणता, त्या पट्ट्यात महिन्याला किती येतात, आणि तीन वर्षांतलं सर्वांत वाईट वर्ष कोणतं.

त्याचा कोरडा पट्टा आपल्या पंचांगातच लिहिलेला आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नं थांबतात, ती तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. हल्ली काढीव मुहूर्तावर एखादं लग्न होतं, पण त्यावर घर चालत नाही. जुलै ते नोव्हेंबर असे पाच महिने बारशी, वाढदिवस, शाळांचे फोटो, गणपती मंडळांची कामं यांवर महिन्याला साधारण चोवीस हजार सुटतात. उरलेल्या सात महिन्यांत चांगल्या वर्षी महिन्याला पंच्याऐंशी हजारांच्या आसपास. वर्षाचे सात लाख वीस हजार, म्हणजे सरासरी साठ. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

पण वाईट वर्षी, हात मोडून जानेवारी-फेब्रुवारीची लग्नं गेली तेव्हा, वर्षाचे पाच लाख साठ हजारच सुटले होते. आणि असं वर्ष यायला हातच मोडायला हवा असं नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा, बरोबर सीझनच्या अंगावर आला आहे. या धंद्यात अशी वर्षं अपवाद म्हणून नव्हे, फेरा म्हणून येतात.

वाईट वर्षावरून हप्त्याची मर्यादा काढा

घरखर्च महिन्याला अठ्ठावीस हजार, त्यात मुलांची फी आणि विम्याचे हप्ते धरलेले. वर्षाचे तीन लाख छत्तीस हजार. वाईट वर्षाच्या पाच लाख साठ हजारांतून ते वजा केले की दोन लाख चोवीस हजार उरतात. बाराने भागलं की अठरा हजार सहाशे. ही त्याची मर्यादा. याच्या वरचा हप्ता म्हणजे वाईट वर्षी उसनवारी.

आता ही मर्यादा मुदतींच्या शेजारी ठेवू. वीस लाख कर्ज, व्याजदर ९ टक्के धरून:

| मुदत | महिन्याचा हप्ता | एकूण व्याज |
|---|---|---|
| १० वर्षं | ₹२५,३३५ | सुमारे १०.४० लाख |
| १५ वर्षं | ₹२०,२८५ | सुमारे १६.५१ लाख |
| २० वर्षं | ₹१७,९९५ | सुमारे २३.१९ लाख |
| २५ वर्षं | ₹१६,७८४ | सुमारे ३०.३५ लाख |
| ३० वर्षं | ₹१६,०९२ | सुमारे ३७.९३ लाख |

दहा वर्षांचा हप्ता घेतला असता तर वाईट वर्षी ऐंशी हजार कमी पडले असते. पंधराचा घेतला तर एकोणीस-वीस हजार. वीस वर्षांचा हप्ता मर्यादेत बसतो, तोही जेमतेम.

मग पंचवीस किंवा तीस का नको? तक्त्यात हप्त्याचा रकाना वरून खाली वाचा. दहाची पंधरा वर्षं केली की हप्ता पाच हजारांनी उतरतो. पंधराची वीस केली की तेवीसशेंनी. पंचवीसची तीस केली की फक्त सातशेच्या आसपास, आणि त्या सातशेसाठी व्याज साडेसात लाखांनी वाढतं. वीसच्या पुढे मुदत वाढवून मिळणारा दिलासा फार महाग पडतो. आणखी एक धोका आहे, तो पुढे येतोच.

वीस वर्षांचा कागद, बारा वर्षांची फेड

काकांचा मुद्दा इथे येतो आणि तो रास्त आहे. वीस वर्षांत तेवीस लाख व्याज, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त. पण कागदावरची मुदत आणि खरी फेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैयक्तिक, धंद्याव्यतिरिक्तच्या कारणासाठी घेतलेलं बदलत्या व्याजदराचं कर्ज मुदतीआधी फेडलं, अर्धंमुर्धं किंवा पूर्ण, तर बँकेला त्यावर दंड आकारता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम गृहकर्जाला २०१२ पासून लागू आहे. मुदत ठरवण्याचा सगळा खेळ या एका सवलतीवर उभा आहे.

भावाने वीस वर्षांचाच हप्ता घ्यायचा, पण दरवर्षी सीझन संपताना, मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, साठ हजार मुद्दलात जास्तीचे भरायचे. हप्ता तोच ठेवून असं भरत गेलं तर कर्ज बारा वर्षांत संपतं. एकूण व्याज सुमारे १३.०३ लाख.

याच्या जोडीला सरळ बारा वर्षांचं कर्ज ठेवून बघा. त्याचा हप्ता २२,७६१ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १२.७८ लाख. फरक पंचवीस-सव्वीस हजारांचा. तोही पडतो कारण जास्तीचे पैसे दर महिन्याला न जाता वर्षातून एकदा जातात.

हा आकडा निघाला तेव्हा भाऊ बराच वेळ वहीकडे बघत राहिला. बारा वर्षांत मिळून पंचवीस हजार जास्त, आणि त्या बदल्यात वाईट वर्षी दरमहा पावणेपाच हजार कमी भरण्याची मुभा. बावीस हजार सातशेचा हप्ता असता तर त्या हात मोडलेल्या वर्षी एकोणपन्नास हजार कमी पडले असते.

समजा तिसरं आणि चौथं वर्ष लागोपाठ वाईट गेलं आणि जास्तीचा एक रुपयाही भरता आला नाही. तरी पुढे पुन्हा साठ हजार सुरू केले की कर्ज तेरा वर्षांच्या आत संपतं आणि व्याज दीड लाखाने वाढतं. दीड लाख ही लहान रक्कम नाही. पण दोन वर्षं हप्ते थकले तर जे होतं त्यापुढे ती परवडते.

मोठा हप्ता कमी करून घेणं बँकेच्या मर्जीवर असतं, आणि ते मागायची वेळ येते तेव्हा तुमची बाजू पडकी असते. लहान हप्त्यावर जास्त भरणं तुमच्या मर्जीवर असतं. अनियमित कमाईवाल्याने लांब मुदत घ्यावी ती याच कारणासाठी. "महिन्याला हलकं वाटतं" हे कारण पुरेसं नाही, कारण हलकं वाटलं म्हणून उरलेला पैसा खर्च झाला तर ते तेवीस लाख व्याज खरोखर भरावं लागतं.

कोरड्या महिन्यांची टाकी

हप्ता मर्यादेत बसला तरी काम संपत नाही. पावसाळ्यात चोवीस हजार येणार आणि घरखर्च व हप्ता मिळून पंचेचाळीस हजार नऊशे पंच्याण्णव जाणार. महिन्याला जवळजवळ बावीस हजारांची तूट, पाच महिन्यांत एक लाख दहा हजार. हे पैसे आषाढी एकादशीच्या आत वेगळ्या खात्यात उभे असले पाहिजेत. आम्ही याला टाकी म्हणतो.

टाकी कोणत्या खात्यात हे महत्त्वाचं आहे. धंद्याच्या खात्यात ठेवली की लेन्स दिसते आणि पैसे लेन्सला जातात. ज्या खात्यातून हप्ता जातो त्यातच ही रक्कम ठेवायची आणि त्या खात्याचा यूपीआय बंद ठेवायचा.

आता सीझनच्या पैशाचा क्रम. नेहमीच्या वर्षी सात महिन्यांत सहा लाख सुटतात. त्या सात महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते वजा केले की दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजार राहतात. त्यातले एक लाख दहा हजार टाकीत. राहिले एक लाख अडुसष्ट हजार. पहिल्या वर्षी यातून सहा हप्त्यांएवढी रक्कम, म्हणजे एक लाख आठ हजार, मुदत ठेवीत टाकायची आणि ती कर्ज संपेपर्यंत तशीच ठेवायची. उरलेले साठ हजार मुद्दलात. दुसऱ्या वर्षापासून ठेव तयार असते, त्यामुळे साठ हजार भरूनही लाखभर कॅमेरा, दुरुस्ती, घरकार्य यांना मोकळे राहतात.

वाईट वर्षी हाच हिशेब केला तर सीझनअखेर टाकी भरून फक्त आठ हजार उरतात. म्हणजे त्या वर्षी मुद्दलात काही नाही, पण हप्ता एकही चुकत नाही.

क्रम उलटा करू नका, हे मात्र कळकळीने सांगतो. मे महिन्यात खात्यात पावणेतीन लाख बघून पुष्कळ जण उत्साहाने दोन लाख कर्जात भरतात आणि सप्टेंबरमध्ये सोनं गहाण टाकतात. साध्या गृहकर्जात एकदा भरलेले पैसे परत मिळत नाहीत. ज्यांना ही भीती आहे त्यांनी ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जाची चौकशी करावी. स्टेट बँकेचं मॅक्सगेन हे त्यातलं जुनं नाव, इतर बँकांचीही आहेत. त्यात जास्तीचा पैसा कर्जाला जोडलेल्या खात्यात ठेवायचा, व्याज फक्त उरलेल्या रकमेवर लागतं, आणि गरज पडली तर पैसे काढता येतात. टाकी आणि ठेव दोन्ही तिथेच ठेवली तर ती पडून राहत नाही, व्याज वाचवते. दर बहुधा साध्या गृहकर्जापेक्षा थोडा जास्त असतो. सीझनमध्ये मोठी रक्कम महिनोन्महिने खात्यात राहत असेल तरच ते परवडतं. आणि पैसे काढायची सोय म्हणजे मोहही आलाच. स्वतःला ओळखून ठरवा.

सही करण्याआधी आणि पैसे भरताना

मंजुरीपत्र आणि की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा बँकेने द्यायचा कागद, घेऊन चार गोष्टी वाचा: दर बदलता आहे की स्थिर, मुदतीआधी फेडीवर शुल्क आहे का, एका वेळी कमीत कमी किती भरावं लागतं, आणि हप्ता परत गेला तर किती आकार लागतो. वरचा सगळा हिशेब बदलत्या दराच्या, दंड नसलेल्या कर्जाचा आहे. पतसंस्थेचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेचा तो नियम तिथे चालत नाही, कारण पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. तिथे कर्जरोख्यात जे लिहिलंय तेच खरं, म्हणून आधी विचारून लेखी घ्या.

हप्त्याची तारखही मागून घ्या. ज्याचं येणं महिनाअखेर किंवा पहिल्या आठवड्यात होतं त्याने एक तारीख घेऊ नये, दहा तारीख बरी.

जास्तीची रक्कम भरताना शाखेत लेखी अर्ज द्या: "ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी." हे न लिहिल्यामुळे रक्कम पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून पडून राहिल्याचं मी पाहिलंय. ओळखायची खूण सोपी आहे. आठवड्याने नवीन परतफेडीचा तक्ता मागा. थकीत मुद्दल साठ हजारांनी खाली आलंय का आणि शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे सरकलीय का, एवढंच बघा. वीस वर्षांच्या या कर्जात पहिल्या वर्षअखेरीला साठ हजार भरले की शिल्लक साधारण १९ लाख अडीच हजारांवर आलेली दिसली पाहिजे.

धंदाच बसत चाललाय असं दिसत असेल तर उलटं मागा: मुदत तीच ठेवून हप्ता कमी करा. व्याज कमी वाचेल, पण मर्यादा खाली आलीय तर हप्ताही खाली आला पाहिजे.

व्याजदर वाढला तर

लांब मुदतीचा हा खरा धोका. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि कित्येकांच्या कर्जाची मुदत त्यांना पत्ताही न लागता निवृत्तीच्या पलीकडे गेली. कारण दर वाढला की बँका बहुधा हप्ता न वाढवता मुदत वाढवतात.

आपल्याच उदाहरणात दर ९ वरून १० झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर वीस वर्षांचं कर्ज सव्वीस वर्षांच्या वर जातं. बारा वर्षांचं कर्ज फक्त सव्वा वर्षाने लांबतं. तीस वर्षांच्या कर्जात तर सुरुवातीला सोळा हजारांतले पंधरा हजार नुसतं व्याज असतं. तिथे दर पाऊण टक्का वाढला तरी हप्ता व्याजालाही पुरत नाही. तीस वर्षांपासून लांब राहायचं हे दुसरं कारण.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दर बदलताना कर्जदाराला पर्याय द्या: हप्ता वाढवा, मुदत वाढवा, दोन्ही थोडं थोडं करा, किंवा काही रक्कम आधी भरा. बँकेचा तसा संदेश आला तर तो वाचल्याशिवाय पुढे ढकलू नका. ज्याची मर्यादा अठरा हजार सहाशे आहे त्याला हप्ता सहाशेने वाढवता येतो, बाकीचं मुदतीवर जाऊ द्यावं आणि पुढच्या सीझनला साठऐवजी शक्य तेवढे जास्त भरून ती मुदत परत खेचावी.

कमी मुदतच घ्यावी असे प्रसंग

कॅमेऱ्याचं, गाडीचं, मोबाइलचं कर्ज लांबवू नका. कॅमेरा चार-पाच वर्षांत जुना होतो, आणि जुना झालेल्या वस्तूचा हप्ता नव्या वस्तूच्या हप्त्यावर चढतो. अशी कर्जं बहुतेक स्थिर दराची, आधी फेडल्यास शुल्क लावणारी असतात, म्हणजे लांब मुदत घेऊन लवकर फेडायची युक्तीही तिथे नीट चालत नाही. हप्ता झेपत नसेल तर तिथे मुदत न वाढवता वस्तू लहान घ्यावी.

आणि ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याने हे स्वतःशी कबूल करावं. मागच्या तीन सीझनअखेरची शिल्लक बघा. तीनही वेळा दिवाळीपर्यंत ती शून्यावर आली असेल तर साठ हजार वेगळे भरणं तुमच्याकडून होणार नाही. अशांनी मर्यादेत बसेल तेवढी सर्वांत कमी मुदत घ्यावी, लागलं तर कर्जाची रक्कम कमी करावी. भावाच्या मर्यादेत पंधरा वर्षांच्या हप्त्याने सुमारे अठरा लाख तीस हजार बसतात. एक खोली कमी, पण हिशेब पुरा.

हप्ता चुकणार असं दिसलं तर

ऑगस्टच्या सुरुवातीला टाकीत दोन हप्त्यांपेक्षा कमी राहिलं असेल तर तीच सूचना समजा. आधी ठेव मोडा, ती त्यासाठीच आहे. तीही पुरणार नसेल तर हप्ता परत जायच्या आधी शाखेत जा. एक हप्ता परत गेला की परत गेल्याचा आकार आणि दंड लागतो आणि सिबिलच्या अहवालात उशिराचे दिवस दिसू लागतात. नव्वद दिवस उलटले की खातं थकीत म्हणून एनपीएमध्ये जातं आणि त्यानंतर घरावर साठ दिवसांची नोटीस निघू शकते. पहिल्या महिन्यात मुदत वाढवून मागणाऱ्याचं बँक ऐकते. तिसऱ्या महिन्यात तोच अर्ज वसुली विभागात जातो.

भावाने शेवटी वीस वर्षांवर सही केली. काकांना तो बारा वर्षांचा आकडा दाखवला, तेव्हा त्यांनी वही मागून घेतली आणि मागच्या पानावर बारा चौकोन आखले, एकेका ज्येष्ठाचा एकेक. पहिल्या चौकोनात या वर्षी साठ हजारांच्या पावतीचा नंबर लिहून झालाय.